कोरडा फोटो, ओला फोटो

यंदाच्या अंकाचा विषय ‘मूळ’ आहे, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या फोनमध्ये मुळांचाच एक फोटो येऊन पडला होता. ठाण्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीकडे भेट आलेलं एक ऑर्किड आहे. त्याची पानं लोळायला लागली होती आणि पारदर्शक कुंडीतून तपकिरी मुळं दिसत होती. खाली तिचा प्रश्न होता, “ताई, हे मेलं का गं?”

मला उत्तर देता आलं नाही. पांढरं मूळ चांगलं आणि तपकिरी मूळ सडलेलं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या ज्ञानावर मी पूर्वी एका ऑर्किडची सगळी तपकिरी मुळं कापून टाकली होती आणि ते झाड गेलं होतं. म्हणून आषाढाच्या शेवटी मी सावंतवाडीजवळच्या एका छोट्या रोपवाटिकेत गेले. ती चालवणाऱ्या काकूंना आजूबाजूचे लोक, जुनी गिऱ्हाइकं, गिऱ्हाइकांचे नातेवाईक आपल्या आजारी झाडांचे फोटो पाठवतात. हिरव्या नेटखाली, पावसाच्या आवाजात, काकूंनी बहिणीचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि फोन मला परत दिला.

“यावरून काही सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “हा दिव्याखाली काढलाय. पिवळ्या उजेडात चांदीसुद्धा तपकिरी दिसते. आणि मूळ ओलं आहे की कोरडं, तेही कळत नाही. तिला सांगा, खिडकीत ठेवून काढ. एक कोरडा, एक ओला.”

अंगावरचा स्पंज

काकूंनी मागितलेले दोन फोटो कशासाठी, हे समजायचं तर ऑर्किडचं मूळ आतून पाहावं लागतं. टांगलेल्या व्हँडाचं एक तुटकं मूळ त्यांनी ब्लेडने आडवं कापून माझ्या तळहातावर ठेवलं. मधोमध सुतळीसारखा बारीक, चिवट दोरा होता. त्याच्याभोवती हिरवट गर आणि सर्वांत बाहेर पांढरा, कागदी जाडसर थर. या बाहेरच्या थराला व्हेलामेन म्हणतात.

व्हेलामेनच्या पेशी मूळ जिवंत असतानाच मेलेल्या असतात. त्या रिकाम्या असतात, आणि म्हणूनच कामाच्या असतात. झाडाच्या फांदीवर वाढणाऱ्या ऑर्किडला माती नसते. पावसाची सर आली की तेवढ्या वेळातच पाणी धरून ठेवावं लागतं. तो रिकामा थर टीपकागदासारखा क्षणात पाणी शोषतो आणि मग ते सावकाश आत पोचतं. जर्मनीतले गेरहार्ड झोट्झ आणि उवे विंकलर यांनी २०१३ मध्ये वेगवेगळ्या ऑर्किडांच्या हवेतल्या मुळांवर हेच तपासलं. थर काही सेकंदांत भरतो आणि रिकामा व्हायला मात्र कित्येक तास लागतात, असं त्यांना दिसलं.

रंगाचा सगळा खेळ या थरात आहे. तो कोरडा असताना पेशींत हवा असते, त्यावर उजेड विखुरतो आणि मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. पाणी भरलं की थर तेलकट कागदासारखा आरपार होतो आणि आतल्या गरातलं हरितद्रव्य दिसायला लागतं. म्हणून एकच निरोगी मूळ सकाळी पांढरं आणि पाणी घातल्यावर दहा मिनिटांत पोपटी दिसतं.

आता सडलेलं मूळ घ्या. त्याचा आतला गर गेलेला असतो, पण बाहेरचा थर मुळातच निर्जीव असल्याने तसाच उरतो. तो कोरडा असताना पांढुरका दिसू शकतो आणि पाणीही शोषतो. फरक भिजल्यावर कळतो. आत हिरवं काही उरलेलं नसल्याने मूळ करडं किंवा चहाच्या रंगाचं होतं. कोरड्या फोटोत दोन्ही मुळं जवळपास सारखी दिसतात, ओल्या फोटोत वेगळी होतात.

या नियमाला एक अपवाद आहे. कुंडीत खोल, अंधारात वाढलेल्या मुळात हरितद्रव्य फारसं तयार होत नाही. ते भिजल्यावर हिरवं न होता फिकट पिवळसर किंवा मलईच्या रंगाचं दिसतं, आणि तरीही ठणठणीत असतं. कुंडीतली पाइनची साल आणि नारळाचं सोडण यांचा रंग उतरून बाहेरचा थर डागाळतो, तेही आजाराचं लक्षण नव्हे. त्यामुळे ओल्या फोटोची साक्ष हवेतल्या आणि कुंडीच्या भिंतीलगतच्या मुळांसाठी भरवशाची. आतल्या मुळांसाठी बोटच लागतं.

मूळ आणि कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. ऑर्किडच्या बाबतीत मात्र मुळाची तब्येत सांगण्याआधी त्याचं कूळ विचारावंच लागतं. काकूंचा पहिला प्रश्न नेहमी तोच असतो: हे मूळ कुणाचं?

माझ्या हातून गेलेल्या झाडाचं वर्णन मी त्यांना सांगितलं. जमिनीलगत पानांचा झुपका, पानांवर गडद-फिकट ठिपक्यांची नक्षी, फुलाला पुढे पिशवीसारखी पाकळी. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग आतून एक कुंडी आणून त्यांनी झाड अलगद बाहेर काढलं. मुळं गडद तपकिरी होती आणि त्यांच्यावर बारीक लव होती, मखमलीसारखी. टोकं तेवढी पांढरट. “हे पॅफिओपेडिलम,” त्या म्हणाल्या. “याचं निरोगी मूळ असंच असतं, तपकिरी आणि केसाळ. हे फांदीवर नाही, जंगलातल्या पालापाचोळ्यात वाढतं. मुळं मोजकीच असतात. ती कापली की झाडाला पाणी प्यायला तोंडच राहत नाही.” मी काय कापलं होतं, ते त्या दिवशी मला नीट कळलं.

बाजारात सर्वांत जास्त दिसणारं फॅलेनॉप्सिस ओळखायला सोपं. रुंद, जाड पानं समोरासमोर दोन रांगांत, फुगीर खोड नाही, आणि पानांच्या बुडाशी फुटून बाहेर आलेली करंगळीपेक्षा बारीक, पण भरीव मुळं. कशाला चिकटली की ती चपटी होतात. व्हँडाची मुळं त्याहून लांब, दोरखंडासारखी खाली लोंबणारी. पानं पट्ट्यासारखी, मधोमध दुमडलेली, टोक कुणी कुरतडल्यासारखं. ही मुळं भिजली की हिरव्या रंगावर पांढऱ्या बारीक रेघा उठतात. पुष्कळ लोक त्याला बुरशी समजून औषध मारतात. खरं तर त्या जागी पाणी शिरत नाही. थर भिजलेला असतानाही मुळाला हवा मिळावी, म्हणून ठेवलेल्या त्या खिडक्या आहेत. फॅलेनॉप्सिसच्या मुळांवरही त्या दिसतात.

डेंड्रोबियमची मुळं बारीक, पांढरी, उसासारख्या पेरेदार खोडाच्या बुडाशी गर्दीने येणारी. कधीकधी खोडाच्या वरच्या पेरावर मुळांसकट पिल्लू फुटतं. फोटोत ते दिसलं, की बहुधा डेंड्रोबियमच. ऑन्सिडियमची मुळं त्याहून बारीक, जाड दोऱ्यासारखी. इतक्या बारीक मुळांत साठा थोडाच असतो, त्यामुळे ती कोरडी पडून लवकर मरतात, आणि गच्च ओल्या मॉसमध्ये सडतातही लवकर. कॅटलियाची मुळं मध्यम जाड, कडक, आडव्या खोडातून निघून कुंडीचा काठ ओलांडणारी.

मुळावरून एवढंच कळतं: कुळापर्यंत पोचता येतं, जातीपर्यंत नाही. फॅलेनॉप्सिसच्या शेकडो संकरित रोपांची मुळं एकमेकांसारखीच. जातीचं नाव फुलाशिवाय सांगणाऱ्यावर काकूंचा विश्वास नाही.

त्याचा दाखला रोपवाटिकेच्या कुंपणापाशीच होता. तिथल्या फणसाच्या खोडावर चंदेरी मुळांचं जाळं पसरलं होतं. मध्ये जाड, पन्हळीसारखी पानं, टोकाला असमान दुभंगलेली. शेजारच्या गावातल्या एकाने असाच फोटो पाठवून विचारलं होतं, की आंब्यावरचं हे बांडगूळ काढून टाकू का? काकूंनी मुळांवरूनच ‘काढू नका’ असं सांगितलं. बांडगूळ झाडाच्या फांदीत घुसतं, तिथे गाठ येते, आणि ते झाडाचा रस ओढतं. आमरीची, म्हणजे ऑर्किडची मुळं सालीवरून सरपटतात, फटींत शिरतात, पण सालीच्या आत जात नाहीत. फोटोत ती टोकापर्यंत सलग दिसतात. ती आंब्याचं काही घेत नाहीत, बसायला जागा तेवढी घेतात.

“मग ही सीतेची वेणी का?” मी विचारलं. काकूंनी मान हलवली. “असेल. पण एरिडीसची पानं आणि मुळंसुद्धा अशीच असतात. फुलाचा तुरा आला की सांगेन.”

कुंडीच्या आत काय चाललंय

मुळं पाण्याने सडतात, असं आपण म्हणतो. काकूंच्या रोपवाटिकेत व्हँडाची मुळं चार महिने कोकणच्या पावसात भिजतात आणि सडत नाहीत, कारण सरींच्या मधल्या वेळात त्यांना वारा लागतो. मूळ श्वास घेतं. भोवती पाणी साचून हवा संपली की आधी गर गुदमरतो आणि मग बुरशी आणि जिवाणू त्यावर येतात. म्हणूनच ऑर्किडला मातीऐवजी पाइनची साल, लोणारी कोळसा, विटांचे रोडे, सोडणाचे तुकडे असं काहीतरी भरड देतात. तुकड्यांमधली पोकळी हाच त्या मिश्रणाचा मुख्य गुण.

पण साल कुजते. साधारण दीड-दोन वर्षांत, आणि आपल्या दमट हवेत कधी त्याआधीच, तिचा भुगा होतो. तो पोकळ्यांमध्ये बसतो आणि हवा बंद होते. फोटोत हे ओळखता येतं. ताज्या सालीच्या तुकड्यांना कडा असतात, कुजलेल्या सालीच्या कडा झिजून सगळं चॉकलेटच्या चुऱ्यासारखं एकजीव दिसतं. पृष्ठभाग कुंडीच्या काठापासून खाली बसलेला असतो.

पारदर्शक कुंडीची भिंत आणखी बोलते. आतून पाण्याचे थेंब किंवा धुकं असेल, तर आत ओल आहे. थेंब नाहीत आणि भिंतीलगतची मुळं चंदेरी आहेत, तर पाण्याची वेळ झाली. भिंतीवर हिरवं शेवाळ चढलेलं असेल, तर ते झाडाला फारसं त्रास देत नाही, पण कुंडी दीर्घकाळ ओली राहते आहे, हे सांगतं.

पांढऱ्या रंगाने मात्र फसगत होते. कुंडीच्या काठावर, कोळशावर किंवा मुळाच्या टोकाशी दिसणारा खडबडीत पांढरा थर बहुतेकदा क्षारांचा असतो, कडक पाण्याचा किंवा जास्त झालेल्या खताचा. त्याच्याबरोबर मुळाची टोकं काळी, जळल्यासारखी दिसली, तर निदान पक्कं. सोडणात मीठ असतं. ते काही दिवस पाणी बदलत भिजवून न घेता वापरलं, तरी टोकं अशीच जळतात. याउलट सालीच्या तुकड्यांमधून कापसाच्या तंतूंसारखं पांढरं जाळं पसरलं असेल, तर ती बुरशी. ती मुळाला थेट खात नाही, पण वाढली की साल पाणी धरेनाशी होते. वरून घातलेलं पाणी बाजूने निघून जातं आणि मुळं कोरडी राहतात. फोटोत फरक करायचा तर काकू एकच गोष्ट विचारतात: पाणी टाकल्यावर ते पांढरं विरघळल्यासारखं पुसट होतं, की तंतू तसेच राहतात?

ठाण्याची कुंडी

दुसऱ्या दिवशी बहिणीचे नवे फोटो आले. खिडकीत, पांढऱ्या कागदावर, शेजारी रुपयाचं नाणं. कागद असला की रंग किती ओढला गेलाय ते कळतं, आणि नाण्यावरून मुळाची जाडी.

काकूंनी वरून सुरुवात केली. पानं सुरकुतलेली, मऊ. म्हणजे झाडाला पाणी पोचत नाही. पण याची कारणं दोन असू शकतात. पाणी मिळत नसेल, किंवा पाणी पिणारी मुळं गेली असतील. पानं दोन्ही वेळा सारखीच दिसतात आणि उपाय उलटे आहेत. बहिणीने पहिलं कारण धरलं होतं आणि चार दिवसांपूर्वीपर्यंत ती रोज पाणी घालत होती.

मग हवेतली मुळं. चार होती, कोरड्या फोटोत चंदेरी, ओल्यात पोपटी. त्यांतल्या दोन मुळांच्या टोकाशी बोटाच्या पेराएवढा चकचकीत हिरवा भाग होता. हे टोक उघडं असणं म्हणजे मूळ या क्षणी वाढतंय. पांढरा थर टोकापर्यंत आलेला असेल, तर ते थांबलंय. एका मुळाचं टोक काळं पडून सुकलेलं होतं, पण त्याच्या मागून दोन बाजूंना फाटे फुटले होते. “इथे कधीतरी धक्का बसला,” काकू म्हणाल्या, “आणि झाडाने दुसरी वाट काढली. हे झाड मेलेलं नाही.”

मग कुंडी. वरची साल कोरडी, फिकट. भिंतीवर मात्र धुकं, आणि शेवटचं पाणी घालून चार दिवस झालेले. वर कोरडं आणि आत चार दिवस ओल, याचा अर्थ आत सालीशिवाय दुसरं काहीतरी आहे. काकूंचा अंदाज होता मॉसचा गोळा. रोप लहान असताना ते मॉसमध्ये वाढवतात आणि मोठ्या कुंडीत हलवताना तो गोळा तसाच ठेवून भोवती साल भरतात. गोळा ओल धरून बसतो आणि वरची कोरडी साल पाहून आपण आणखी पाणी घालतो. ही पारदर्शक कुंडी शिवाय एका बिनछिद्राच्या चिनीमातीच्या कुंडीत ठेवलेली होती, तळाशी पाणी साचलेलं.

बहिणीने व्हिडिओ कॉलवर झाड बाहेर काढलं. मधोमध लिंबाएवढा मॉसचा गोळा निघाला. दाबला तर पाणी ठिबकलं आणि तिने नाक मुरडलं. कुजका वास होता. कुंडीतली मुळं अकरा. फोटोवरून काकूंनी सात गेलेली आणि चार जिवंत सांगितली होती. आता बहिणीने एकेक मूळ दोन बोटांत दाबून पाहिलं. सहा पोकळ, पिचपिचीत होती. ओढल्यावर बाहेरचा थर मोज्यासारखा निघून हातात आला आणि मधला दोरा तेवढा लटकत राहिला. काकूंनी गेलेल्यांत धरलेलं एक डागाळलेलं मूळ टणक निघालं. जिवंत धरलेल्यांपैकी फिकट पिवळं दिसणारं एक मूळ अर्धं टणक, अर्धं मऊ होतं. “बघा,” काकू म्हणाल्या, “अकरात दोन ठिकाणी मी चुकले. कातरी लावायच्या आधी बोट लावायला सांगते, ते यासाठी.”

कातरी ज्योतीवर धरून, थंड करून तिने सहा मुळं टणक भागापर्यंत कापली. सातव्याचा मऊ भाग तेवढा काढला. मॉसचा कण न् कण धुतला. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकांना लावली, कारण ती निरोगी मुळालाही सुकवते. झाड रात्रभर वर्तमानपत्रावर कोरडं ठेवलं. सकाळी आधीच्यापेक्षा लहान, उरलेली मुळं जेमतेम मावतील अशी चार इंची कुंडी घेतली आणि त्यात बोराएवढे सालीचे तुकडे व थोडा कोळसा भरला. मोठी कुंडी दिली असती, तर ज्या जागेत मुळंच नाहीत तिथली ओल वाळली नसती. हवेतली चार मुळं मुद्दाम बाहेर राहू दिली. हवेत वाढलेलं मूळ ओल्या सालीत कोंबलं, तर बहुतेकदा सडतं.

पाण्याचा नियम एकच: भिंतीवरचे थेंब गेले आणि मुळं चंदेरी झाली, की मगच.

फोटोत न मावणारं

काकूंकडून निघताना मी त्यांना विचारलं, की फोटोवर कितपत भरवसा ठेवावा. त्यांनी शेजारची एक कुंडी उचलून माझ्या हातात दिली, मग दुसरी. आकार सारखाच, पण दुसरी चांगलीच जड. “हे फोटोत येतं का? वास येतो का? दाबल्यावर कसं लागतं ते येतं का?”

त्यामुळे त्या फोटोबरोबर तीन गोष्टी लिहून मागवतात. शेवटचं पाणी कधी घातलं, झाड कुंडीत किती दिवसांपासून आहे, आणि सर्वांत वाईट दिसणारं मूळ दाबल्यावर टणक लागतं की मऊ. फोटो दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नको. फ्लॅश नको, ओल्या मुळावर तो चकाकतो आणि खालचा रंग झाकतो. एक फोटो अख्ख्या झाडाचा, म्हणजे कूळ कळेल. एक पानांच्या बुडाचा, जिथून मुळं फुटतात. एक कुंडीच्या भिंतीचा. आणि त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून दोन: एक कोरडा, एक भिजवून दहा मिनिटांनी.

श्रावण संपता संपता बहिणीचा निरोप आला. पानं पूर्वीसारखी ताठ झालेली नव्हती. काकूंनी तसं सांगितलंच होतं: सुरकुतलेलं जुनं पान फार सुधारत नाही, पाहायचं ते नव्या मुळाकडे. सोबत तिने दोन फोटो पाठवले होते, पांढरा कागद आणि नाणं घालून. पहिल्यात बुडाच्या पानाखालून आलेलं एक नवं मूळ नाण्याच्या निम्म्याहून थोडं लांब, चंदेरी, टोकाला हिरवा ठिपका. दुसऱ्यात तेच मूळ पूर्ण हिरवं, आणि त्यावर दोन बारीक पांढऱ्या रेघा.

खाली तिने लिहिलं होतं, “त्या रेघा बुरशीच्या नाहीत ना?”

या वेळी मला उत्तर देता आलं.